टोकाला ईएन-८ आणि ईएन-२४ सारखेच कडक, मग जास्तीचे पैसे कशाचे?

नागपुरात हिंगणा एमआयडीसीत नाहीतर बुटीबोरीत कुठल्याही हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बसलात की हा प्रश्न येतोच, भाऊ ईएन-८ पण ५५ एचआरसी कडकपणा देते, ईएन-२४ पण तेवढंच देते, मग दुप्पट-तिप्पट भावाचं स्टील आम्ही काऊन घ्यायचं? आणि प्रश्न चुकीचा नाहीच. दोन्हीचा पातळ तुकडा घ्या, नीट तापवा, पाण्यात टाका, रॉकवेलवर ठेवा, आकडा जवळपास एकच येतो, कारण दोन्हीत कार्बन ०.४० टक्क्याच्या आसपास आहे आणि क्वेंच केलेल्या स्टीलचा वरचा आकडा कार्बनच ठरवतो. क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल कितीही टाका, तो ५६-५७ च्या पुढे फारसा सरकत नाही. मग पैसे कशाचे, तर खोलीचे. पृष्ठभागापासून आत किती मिलिमीटरपर्यंत तो कडकपणा टिकतो याला हार्डनेबिलिटी म्हणतात आणि ती मोजायची सगळ्यात साधी, स्वस्त टेस्ट म्हणजे जॉमिनी एंड क्वेंच टेस्ट.

ही टेस्ट अमेरिकेत १९३० च्या दशकात वॉल्टर जॉमिनी आणि बोगहोल्ड या दोघांनी बसवली, आपल्याकडे आयएस ३८४८ मध्ये ती आहे. करायचं काय, तर २५ मिमी जाडीचा, १०० मिमी लांबीचा गोल बार लेथवर करून घ्यायचा, वरच्या टोकाला लटकवायला एक कॉलर ठेवायची. आधी नॉर्मलाइज केलेला असला पाहिजे. मग भट्टीत ऑस्टेनाइट होईल त्या टेम्परेचरला, म्हणजे ईएन-१९ सारख्याला साधारण ८५० डिग्रीला, अर्धा तास ठेवायचा. बाहेर काढला की ५ सेकंदांच्या आत स्टँडवर लटकवायचा आणि खालून पाण्याची धार सोडायची. धारेचं तोंड १२.५ मिमीचं, तोंडापासून बारचं टोक १२.५ मिमी वर, आणि बार नसताना ती धार मोकळी ६५ मिमी उंच उडाली पाहिजे. किमान १० मिनिटं तसंच. पाणी फक्त खालच्या चेहऱ्याला लागतं, अंगावर नाही.

गंमत इथे आहे. बारची उष्णता बाहेर पडायला मुख्य रस्ता एकच, खालचं टोक, म्हणून टोकाजवळचा भाग झटकन थंड होतो आणि वर जावं तसा हळूहळू. टोकापासून दीड मिमीवर कूलिंग रेट सेकंदाला साधारण २७० डिग्री असतो, १९ मिमीवर तोच सेकंदाला ९ च्या आसपास आणि ५० मिमीवर जेमतेम २. म्हणजे एकाच बारमध्ये पाण्यातल्या जोरदार क्वेंचपासून जवळपास हवेत थंड केल्यासारख्या स्थितीपर्यंत सगळं काही एका ओळीत मिळालं. आणि साध्या किंवा लो अलॉय स्टीलमधून उष्णता वाहायचा वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे १९ मिमी म्हटलं की स्टील कुठलंही असो, कूलिंग रेट जवळपास तोच. ग्राफच्या आडव्या रेषेवर मिलिमीटर लिहिलेले असले तरी वाचायचं ते कूलिंग रेट म्हणून, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं.

थंड झाल्यावर बारच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना लांबीभर ०.४ मिमीच्या आसपास ग्राइंड करून सपाट पट्टे काढायचे आणि त्या पट्ट्यावर टोकापासून वर जात ठरलेल्या अंतरांवर रॉकवेल सी चे रीडिंग घ्यायचे. जुने लोक इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात, जे-१, जे-४, जे-१२ असं, जे-१२ म्हणजे साधारण १९ मिमी. हे आकडे ग्राफवर टाकले की झाला जॉमिनी कर्व्ह.

आता चार स्टील घेऊ, चारही ०.४० कार्बनची, आणि कर्व्ह शेजारी शेजारी ठेवू. ईएन-८ चा कर्व्ह टोकाला ५५ च्या वर सुरू होतो आणि लगेच दरीत कोसळल्यासारखा खाली येतो, ७ मिमीपर्यंत तिशीच्या आसपास, पुढे पंचविशीत सपाट. ईएन-१८, म्हणजे त्याच कार्बनमध्ये एक टक्का क्रोमियम, टोकाला तेवढाच, पण उतार सौम्य, १९ मिमीला ३५ ते ४० च्या दरम्यान कुठेतरी. ईएन-१९ म्हणजे क्रोमियमसोबत थोडं मॉलिब्डेनम, ती १९ मिमीला ४५ च्या वर असते बहुतेक वेळा. आणि ईएन-२४, निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम तिन्ही, तिचा कर्व्ह जवळपास आडवाच, ५० मिमीला पण ५० च्या आसपास. चौघींची सुरुवात एका बिंदूला, शेवट वेगळा. अलॉयिंगने कर्व्ह वर उचलला जात नाही, उजवीकडे ताणला जातो.

असं का होतं ते थोडं आत जाऊन बघावं लागेल. तापलेल्या स्टीलमध्ये ऑस्टेनाइट असतं, कार्बन त्यात विरघळलेला. हळू थंड केलं तर ऑस्टेनाइट तुटून परलाइट किंवा बेनाइट होतं, ही मऊ बाजू. पण तसं व्हायला अणूंना इकडून तिकडे सरकावं लागतं, कार्बनला एकीकडे गोळा व्हावं लागतं, त्याला वेळ लागतो. तो वेळ मिळायच्या आत तापमान खाली आणलं तर सरकायला कोणाला सवडच नाही, जाळी आहे तिथेच ओढली जाते, कार्बन अडकून पडतो आणि मार्टेन्साइट होतं, ते कडक. म्हणजे सगळी शर्यत वेळेची आहे. आता कार्बनचा अणू लहान, लोखंडाच्या अणूंच्या फटीतून निघून जातो, क्रोमियम किंवा मॉलिब्डेनमचा अणू लोखंडाच्या जागेवरच बसलेला, त्याला हलायचं तर शेजारी रिकामी जागा पाहिजे. संध्याकाळी बर्डीच्या गर्दीतून टू-व्हीलर कशीही निघते आणि ट्रक तासभर अडकतो, तसंच आहे हे. परलाइट वाढायचं तर क्रोमियम, मॉलिब्डेनम, मँगनीजची पण वाटणी व्हावी लागते, त्यांचे अणू परलाइट-ऑस्टेनाइटच्या सीमेवर लोंबकळून ती सीमा मागे ओढतात, वाढ मंदावते. निकेलचं काम थोडं वेगळं, ते ऑस्टेनाइटला जास्त स्थिर करतं त्यामुळे तुटायची घाईच कमी होते. परिणाम सगळ्यांचा एकच, मऊ बाजूला जायला जास्त सेकंद लागतात, म्हणून जरा सावकाश थंड झालं तरी मार्टेन्साइट मिळतं. सावकाश म्हणजे टोकापासून दूर, म्हणजेच जॉबच्या आत खोल.

किती फरक पडतो ते कागदावर काढता येतं, आणि मला हा भाग फार आवडतो कारण यात गुणाकार आहे, बेरीज नाही. आयडियल डायमीटर नावाची एक कल्पना आहे, ज्यात पृष्ठभाग एका क्षणात पाण्याइतकी थंड होईल अशी काल्पनिक जोरदार क्वेंच दिली तर किती जाडीच्या बारच्या मध्यभागी निम्मं मार्टेन्साइट मिळेल, तो आकडा. ०.४० कार्बन आणि मध्यम बारीक ग्रेन असेल तर नुसत्या कार्बनमुळे तो येतो ५.४ मिमी, बस, एवढाच. मग एकेका घटकाचा गुणक लावत जायचा:

```
Mn: 1 + 3.33 × %Mn
Si: 1 + 0.7 × %Si
Ni: 1 + 0.363 × %Ni
Cr: 1 + 2.16 × %Cr
Mo: 1 + 3 × %Mo
```

ईएन-८ मध्ये मँगनीज ०.७५ आणि सिलिकॉन ०.२५ धरू. मँगनीजचा गुणक ३.५, सिलिकॉनचा १.१७५, ५.४ ला दोन्हींनी गुणलं की २२ मिमी. यात एक टक्का क्रोमियम टाकलं की आणखी ३.१६ ने गुणायचं, झाले ७० मिमी, ही आपली ईएन-१८. वर ०.२० मॉलिब्डेनम, गुणक १.६, आले ११२ मिमी, ही ईएन-१९. ईएन-२४ साठी मँगनीज ०.६०, निकेल १.५, क्रोमियम १.१, मॉलिब्डेनम ०.२५ धरा, आकडा १७४ च्या आसपास जातो. २२ पासून १७४ पर्यंत, आणि टोकाचा हार्डनेस जिथल्या तिथे.

गुणाकार असल्याचा एक मोठा फायदा आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. एक टक्का क्रोमियम एकटं ३.१६ पट देतं. पण अर्धा टक्का क्रोमियम आणि ०.२ टक्का मॉलिब्डेनम मिळून २.०८ गुणिले १.६, म्हणजे ३.३ पट. एकूण अलॉय टाकलं कमी आणि खोली मिळाली जास्त! थोडं थोडं सगळ्यांचं टाकणं हे एकाच घटकाचा ढीग टाकण्यापेक्षा भारी पडतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत निकेल-क्रोमियमची टंचाई झाली तेव्हा त्यांनी याच हिशोबाने कमी अलॉयची नॅशनल इमर्जन्सी स्टील काढली, ८६४० चं कुटुंब त्यातूनच आलं, निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम तिन्ही थोडे थोडे.

हे गुणक सगळीकडे डोळे मिटून लावायचे नाहीत मात्र. गुणक धरतात की घटक ऑस्टेनाइटमध्ये पूर्ण विरघळलाय. क्रोमियम, व्हॅनेडियम कार्बाइडमध्ये अडकून राहिलं, भट्टी कमी तापली किंवा वेळ कमी दिला, तर ते खोली वाढवत नाही, उलट त्या कार्बाइडमधला कार्बनही गेला कामातून. हाय कार्बन टूल स्टीलला हा हिशोब चालत नाही तो याचमुळे. ग्रेन मोठे झाले तर खोली वाढते, पण त्यासाठी मुद्दाम जास्त तापवणारा माणूस पुढे जॉब ठिसूळ झाल्यावर डोक्याला हात लावतो, तो मार्ग नकोच.

बोरॉन या यादीत बसत नाही, त्याचं वेगळंच प्रकरण आहे. ०.००१ ते ०.००३ टक्के, म्हणजे मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर, टीसीवर, जवळपास शून्यच दिसेल, पण तेवढ्याने कर्व्ह चांगलाच उजवीकडे जातो, कारण ते ग्रेनच्या सीमांवर जाऊन बसतं आणि मऊ फेराइटचा जन्मच तिथे अडवतं. बोल्टवाले ते खूप वापरतात. अट दोन. एक म्हणजे नायट्रोजनने त्याला पकडायला नको, म्हणून स्टील करताना टायटॅनियम टाकून नायट्रोजन आधी बांधून ठेवतात. दुसरं म्हणजे कार्बन वाढला की बोरॉनचा जोर ओसरतो, ०.२० कार्बनला जेवढा फायदा तेवढा ०.४० ला नाही.

आता खरा जॉब घेऊ. समजा पार्टीने ५० मिमीचा शाफ्ट आणलाय, ड्रॉइंगवर लिहिलंय हार्डन अँड टेम्पर, २८ ते ३२ एचआरसी, आणि कोअरपर्यंत टेम्पर्ड मार्टेन्साइट पाहिजे कारण शाफ्टला पीळ आणि झटके दोन्ही बसतात. कोअरमध्ये निदान निम्मं मार्टेन्साइट पाहिजे असं धरू, ०.४० कार्बनला निम्म्या मार्टेन्साइटचा हार्डनेस ४४ एचआरसीच्या आसपास असतो, मग आपला प्रश्न झाला, क्वेंच झाल्यावर ५० मिमी बारच्या मध्यभागी ४४ येतील का?

तेलात क्वेंच करायचं, तेल बऱ्यापैकी हलतंय. यासाठी तयार चार्ट असतात, त्यात ५० मिमीच्या गोल बारचा पृष्ठभाग जॉमिनीच्या साधारण ७ मिमीला आणि मध्यभाग साधारण १९ मिमीला जुळतो, म्हणजे तिथला कूलिंग रेट तेवढाच असतो. मग प्रत्येक कर्व्हवर ७ आणि १९ या दोन ठिकाणी बोट ठेवायचं. ईएन-८, पृष्ठभागाला तिशीच्या आसपास, मध्ये पंचवीस, दोन्हीकडे नापास. ईएन-१८, पृष्ठभाग ५० च्या आसपास ठीक आहे, मध्ये ३५ ते ४०, नापास. ईएन-१९, पृष्ठभाग ५५ च्या जवळ, मध्ये ४७ च्या आसपास, पास, पण अगदी थोडक्यात. ईएन-२४, मध्ये ५० च्या वर, आरामात पास, पण या शाफ्टला एवढी गरज नाही, निकेलचे पैसे उगाच गेले.

मग पार्टी म्हणते, तेलात नाही तर ईएन-८ पाण्यात टाका ना बाप्पा. टाकू, पृष्ठभागाला ५० च्या वर येतील, रॉकवेल खूश. पण पाण्यातसुद्धा ५० मिमीचा मध्य जॉमिनीच्या १२ ते १४ मिमीच्या खाली येत नाही, आणि ईएन-८ चा कर्व्ह तिथे कधीचाच सपाट झालेला असतो, आतमध्ये पुन्हा पंचवीस-सव्वीसच. वर क्रॅकची भीती वेगळी, की-वे असेल तर त्याच्या कोपऱ्यातून हमखास. ही फसवाफसवी बाहेरून हार्डनेस चेक करून कळतच नाही. टेम्परिंग झाल्यावर तर अजून लपतं, कारण वर मार्टेन्साइट टेम्पर होऊन ३० वर आलेलं आणि आत फेराइट-परलाइट २५ वर बसलेलं, पाच आकड्यांचा फरक कोणाला खटकत नाही, पण यील्ड स्ट्रेंग्थ आणि इम्पॅक्टमध्ये आतला माल कुठल्या कुठे मागे असतो. कळायचं तर एक शाफ्ट बळी द्या, टोकापासून निदान एक डायमीटर आत जाऊन पाणी मारत मारत चकती कापा आणि काठापासून मध्यापर्यंत रीडिंग घ्या, टेम्परिंगच्या आधीच्या पीसवर घेतलं तर सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ईएन-१९ थोडक्यात पास म्हणालो त्यावर जरा थांबू या, कारण लफडं सगळं इथे होतं. मी वर जे ४७ लिहिलं ते मधलं मूल्य आहे. ४१४०एच म्हणून जो अमेरिकन ग्रेड आहे, ईएन-१९ चाच भाऊ, त्याचा हार्डनेबिलिटी बँड बघितला तर १९ मिमीला खालची रेषा ३९ च्या आसपास आणि वरची ५५ च्या आसपास असते. म्हणजे दोन हीट, मिलमध्ये वेगवेगळ्या वेळी वितळवून काढलेल्या, दोन्ही केमिस्ट्रीत बसलेल्या, दोन्हीवर शिक्का सेम, एकीच्या कोअरला ३९ आणि दुसरीच्या ५५. क्रोमियम ०.९ विरुद्ध १.१, मँगनीज ०.७ विरुद्ध ०.९, असे छोटे छोटे फरक गुणाकारात एकमेकांवर चढतात, म्हणून एवढी दरी. मागच्या लॉटला प्रॉब्लेम नव्हता, भट्टी तीच, तेल तेच, या वेळीच का मऊ आलं, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा भट्टीत नसून टीसीवर असतं. तिथे दहा मिनिटं बसून गुणक लावून बघा, दोन हीटचे आयडियल डायमीटर काढा, आधीचा १२० आणि आताचा ९० निघाला तर भट्टीवाल्याला शिव्या देऊ नका.

आणि टेस्टचा रिपोर्ट आला म्हणून तो खरा असेलच असंही नाही. पहिली खूण, पहिलं रीडिंग दुसऱ्यापेक्षा कमी. धातूच्या हिशोबाने टोक सगळ्यात कडक पाहिजे, ते मऊ दाखवत असेल तर एकतर भट्टीत कार्बन जळालाय, नाहीतर ग्राइंडिंग करताना पट्टा तापून टेम्पर झालाय. ग्राइंडिंगचं असेल तर नायटल या आम्लाच्या द्रावणाने एच केल्यावर पट्ट्यावर काळपट डाग दिसतात, मग तो पट्टा खोडून नवीन काढायचा, हलक्या हाताने आणि भरपूर कूलंट मारून. दुसरी खूण, समोरासमोरच्या दोन पट्ट्यांचे आकडे जुळत नाहीत. धार मध्यभागी नव्हती, पाणी एका अंगावर उडालं, किंवा बारमध्येच सेग्रिगेशन आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्या नागपूरची. आयएसओच्या पद्धतीत पाणी २० डिग्रीच्या पाच इकडे-तिकडे पाहिजे आणि एएसटीएममध्ये ३० पर्यंत चालतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात लावला तर चटका देतं, ते सरळ धारेला जोडलं तर टोकावर वाफेचा थर जास्त वेळ टिकतो आणि पहिली दोन-तीन रीडिंग पडतात. लांबची रीडिंग फारशी हलत नाहीत कारण तिथे वेग उष्णता बारमधून किती लवकर खाली येते यावर ठरतो, पाण्यावर नाही. म्हणून ईएन-२४ मध्ये ही चूक जेमतेम जाणवते पण ईएन-८ चा कर्व्ह बिघडतो, कारण त्याचा सगळा कारभार पहिल्या ५ मिमीत आहे. टाकीत बर्फाची लादी सोडा आणि थर्मामीटर ठेवा, झालं. त्याच दिवसांत शॉपमधला कूलर थेट स्टँडवर सोडलेला असतो तो पण बंद करा, स्टँडर्डमध्ये बारभोवती हवा स्थिर पाहिजे असं म्हटलंय, कूलरच्या वाऱ्याने बारचं अंग बाजूनेही थंड व्हायला लागतं, टोकापासून लांबचा भाग ठरल्यापेक्षा लवकर थंड होतो आणि स्टील आहे त्यापेक्षा खोल कडक होणारं दिसतं. मिलच्या रिपोर्टपेक्षा तुमच्याकडे लांबची रीडिंग वर आली तर आधी कूलरकडे बघा.

राहिला प्रश्न पुढच्या वेळी माल मागवताना काय लिहायचं. नुसतं ईएन-१९ लिहिलं तर ३९ वाली हीट पण ईएन-१९ च आहे, तुम्ही भांडू शकत नाही. आपल्या ५० मिमी शाफ्टसाठी ऑर्डरवर एकच ओळ जोडा, जॉमिनी १९ मिमीला किमान ४५ एचआरसी, रिपोर्ट हीट नंबरसकट पाहिजे. मिल थोडे पैसे जास्त मागेल किंवा वेळ मागेल, छोट्या ट्रेडरकडे तसा माल नसेलही, अशा वेळी हातात आलेल्या बारच्या टोकाचा तुकडा काढून टेस्ट करून घ्या आणि ४५ च्या खाली निघाला तर त्या लॉटचे ३५ मिमीच्या आतले जॉब करा, ५० चे शाफ्ट दुसऱ्या हीटमधून.